स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत साधी बॅटरी नऊ महिन्यांत संपली. आता ईएफबीला चौदा महिने झाले

माझी पेट्रोल गाडी सिग्नलला आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की सुरू होते. कंपनीतून आलेली बॅटरी चार वर्षं टिकली. ती ईएफबी, म्हणजे स्टार्ट-स्टॉपसाठी बनवलेली सुधारित बॅटरी होती, पण तेव्हा तो शब्द माझ्या कानावरूनही गेला नव्हता. ती संपली तेव्हा दुकानदार म्हणाले, "सर, साइज तीच, अँपिअर तेच. साडेचार हजारांत काम होतंय, तर साडेसात कशाला घालता?" मला पटलं. ऑगस्टमध्ये साधी बसवली.

जानेवारीत सिग्नलला गाडी बंद होणं थांबलं. इंजिन मात्र एका झटक्यात सुरू व्हायचं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. खरं तर हीच पहिली खूण होती. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक सेन्सर असतो. बॅटरीत पुरेसा दम नाही असं त्याला दिसलं की गाडी स्टार्ट-स्टॉप आधी बंद ठेवते, म्हणजे भर चौकात अडकायची वेळ येत नाही. मे महिन्यात बीडला बहिणीच्या दारात गाडीने नुसतं कट्‌कट् केलं. जंपर लावून परत आलो.

इथल्या, छत्रपती संभाजीनगरातल्या मेकॅनिक काकांनी मीटर लावला तर १२.५ व्होल्ट! बॅटरी ठीकच वाटावी असा आकडा. त्यांनी झाकणं काढून हायड्रोमीटर घातला, तर वरच्या अ‍ॅसिडची घनता १.१७. भरलेल्या बॅटरीत ती १.२६ च्या पुढे असते. काका म्हणाले, "वर पाणी अन् खाली जड अ‍ॅसिड बसलंय. खालच्या अ‍ॅसिडमुळे व्होल्ट दिसतायत, वरची प्लेट उपाशीच." टेस्टरवर सुरू करण्याची ताकद, म्हणजे सीसीए, छापील आकड्याच्या निम्म्याहून कमी आली. रात्रभर चार्जिंग करूनही फारसा फरक पडला नाही.

असं का झालं, याचा हिशेब मी नंतर घातला. इंजिन सुरू करताना स्टार्टर सेकंदभर तीनशेच्या आसपास अँपिअर ओढतो, पण सेकंदच असल्यामुळे बॅटरीतून ०.१ अँपिअर-तासही जात नाही. साध्या बॅटरीचा जन्म एवढ्याच कामासाठी: एक झटका द्यायचा आणि लगेच भरून घ्यायचं. माझ्या गाडीत मात्र मुकुंदवाडी ते बाबा पेट्रोल पंप, जालना रोडवर, इंजिन बारा वेळा थांबायचं. प्रत्येक वेळी सरासरी चाळीस सेकंद ब्लोअर, दिवे, गाणी सगळं बॅटरीवर. २५ अँपिअर धरले तरी स्टार्टसकट एका थांब्याला ०.४ अँपिअर-तास जातात; बारा थांब्यांना जवळपास पाच. ४५ ची बॅटरी, म्हणजे तिचा दहावा भाग. दोन सिग्नलमधल्या दोन-तीन मिनिटांत तो भरून निघत नाही, कारण शिशाची बॅटरी शेवटचा भाग फार सावकाश घेते. त्यामुळे ती रोज अर्धीमुर्धी भरलेलीच राहते. प्लेटवरचं सल्फेट कडक होतं, अ‍ॅसिड थराथराने बसतं आणि पॉझिटिव्ह प्लेटचा लेप सुटू लागतो. त्यात आपलं ४२ अंशांचं ऊन.

ईएफबीतही अ‍ॅसिड मोकळंच असतं, पण पॉझिटिव्ह प्लेटवर लेप धरून ठेवणारी पॉलिस्टरची जाळी असते, आणि निगेटिव्ह लेपात कार्बन घातल्याने ती चार्ज लवकर घेते. एजीएम हा त्याहून वरचा प्रकार, त्यात अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत मुरलेलं असतं. त्यामुळे ते खाली बसतच नाही आणि प्लेटा घट्ट दाबून राहतात. मग मी एजीएम का घेतली नाही? माझी बॅटरी बॉनेटखाली इंजिनाला चिकटून आहे, आणि एजीएमला उष्णता कमी मानवते. शिवाय गाडी ईएफबीवरच बनलेली. उलट ज्यांच्या गाडीत कंपनीनेच एजीएम दिली आहे, त्यांनी ईएफबीवर उतरू नये. अशा बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावीही लागते.

"बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद ठेवा अन् साधीच टाका," असं मला तिघांनी सुचवलं. मी चार्जिंग सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर लावून पाहिलं. सरळ रस्त्यावर १२.८ आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की १४.७. म्हणजे इंधन वाचवायला गाडी अल्टरनेटर मुद्दाम हलका ठेवते आणि उतारावर, ब्रेकला भरून घेते. त्यासाठी बॅटरीत जागा हवी, म्हणून ती पूर्ण भरतच नाही. बटणाने थांबे कमी होतात, ही सवय बदलत नाही. शिवाय चावी फिरवली की बटण पुन्हा मूळ जागी.

ईएफबीला आता चौदा महिने झाले. मागच्या आठवड्यात सीसीए ४२० पैकी ३८५ आला. सिग्नलला गाडी रोज बंद होते. फक्त मेच्या दुपारी होत नाही, कारण केबिन गार होईपर्यंत एसी इंजिनाला सोडत नाही. ऊन उतरलं की संध्याकाळी परत येताना मुकुंदवाडीपर्यंत सगळे थांबे ती घेते.