सहाशे धाग्यांची चादर आणि तीन वार साधे कापड: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत मी घरासाठी दोन पांढऱ्या डबल चादरी घेतल्या. एक ऑनलाइन मागवली; तिच्या वेष्टनावर ‘600 थ्रेड काउंट, शंभर टक्के कॉटन, सॅटीन’ असे ठळक छापलेले होते आणि तिला चोवीसशे रुपये पडले. दुसरी म्हणजे खरे तर चादर नव्हतीच. इचलकरंजीहून येणाऱ्या नव्वद इंची पन्ह्याच्या साध्या विणीच्या कापडातून खडेबाजारातल्या एका दुकानात तीन वार फाडून घेतले आणि घरीच कडा दुमडून शिवले. शिलाईचा दोरा धरूनही खर्च साडेआठशेच्या पुढे गेला नाही. तेव्हापासून गणपतीपर्यंत दर आठवड्याला आलटून पालटून दोन्ही वापरल्या. प्रत्येकीच्या साधारण वीस धुण्या झाल्या, त्याही एकाच मशीनमध्ये आणि एकाच पावडरीत.

पहिल्या आठवड्यात माझे मत पूर्णपणे सहाशेवालीच्या बाजूने होते. ती हाताला लोण्यासारखी लागत होती, तर तीन वारांचे कापड खळ असल्यासारखे कडक होते आणि कूस बदलली की त्याचा आवाज येत असे. चार-पाच धुण्यांनंतर मात्र चित्र पालटू लागले. साधे कापड प्रत्येक धुण्यानंतर थोडे मऊ होत गेले. सहाशेवालीचा गुळगुळीतपणा उतरत गेला, कारण त्यातला बराचसा भाग सुताचा नव्हता, कारखान्यात शेवटी दिलेल्या सिलिकॉनच्या सॉफ्टनरचा होता. हे द्रव्य धाग्यावर पातळ थर देते आणि धुण्यागणिक निघून जाते. दुकानात हात फिरवून आपण जे ‘फील’ पारखतो, ते अनेकदा हेच असते.

संक्रांतीनंतर सहाशेवालीवर पायथ्याच्या बाजूला आणि खांद्याखाली बारीक गोळे दिसू लागले. ते पाहून मी चादर घेऊन वडगावला मामांकडे गेले. त्यांच्याकडे पूर्वी साड्यांचे आठ माग होते आणि कापड मोजायचे एक इंची भिंग अजून कपाटात आहे. त्यांनी भिंग ठेवून सुईच्या टोकाने एकेक धागा बाजूला सारत मोजले: उभ्या ताण्याचे 180 आणि आडव्या बाण्याचे 120, म्हणजे एका चौरस इंचात एकूण 300; थ्रेड काउंट म्हणजे हीच बेरीज. मी दुसऱ्या जागी पुन्हा मोजले, तरी फरक तीन-चार धाग्यांचाच आला. मग त्यांनी कडेचा एक धागा ओढून काढला, पीळ उलटा फिरवला आणि धागा दोन पदरांत सुटा झाला. ‘अगं, दोन पदर हायत न्हवं, त्यांनी दोन्ही मोजलेत,’ एवढेच ते म्हणाले.

सहाशेचे कोडे इतकेच होते. दोन बारीक सुते एकत्र पिळून दुपदरी धागा करण्यात गैर काही नाही, शर्टाच्या उंची कापडातही तो वापरतात. पण कापडाचे धागे मोजण्याच्या मान्य पद्धतीत दुपदरी धागा हा एकच धागा धरला जातो. पदर वेगळे मोजले की तीनशेचे सहाशे होतात, कापड मात्र तेच राहते. आकड्याला मर्यादा कशी पडते, हेही मामांनी समजावले. सुताचा ‘काउंट’ जितका मोठा तितके सूत बारीक. चाळीसच्या एकेरी सुताचे धागे एकमेकांना चिकटवून ठेवले तर इंचात सुमारे पावणेदोनशे बसतात, आणि आडव्या धाग्याला वर-खाली जायला जागा सोडली की त्याहून बरेच कमी. एखाद्या वेष्टनावर हजार लिहिले असतील आणि ते एकेरी धाग्यांनी गाठायचे असतील, तर दोन्ही दिशांना पाचशे-पाचशे धागे लागतील. ते नुसते शेजारी-शेजारी मावण्यासाठीच तीनशेच्या पुढचा काउंट हवा, आणि चादरीत शंभरच्या आसपासचे सूतसुद्धा फार उंची समजले जाते.

या दुपदरी धाग्यांचा भार पावसाळ्यात कळला. दोन्ही चादरींचे माप जवळपास सारखे असून सहाशेवालीचे वजन 1 किलो 170 ग्रॅम भरले आणि साध्या चादरीचे 785 ग्रॅम. बेळगावच्या आषाढ-श्रावणात, जेव्हा कपडे माडीवर दोरी बांधून वाळवावे लागतात, तेव्हा हलकी चादर दुसऱ्या दिवशी घडी घालण्याजोगी होत असे; जड चादर तिसऱ्या दिवशीही शिवणीत ओलसर राहून कुबट वास धरत असे. उन्हाळ्यातही तिच्यावर अंग जास्त घामेजत असे, हे घरातल्या सगळ्यांचे म्हणणे.

गोळे येण्याचे कारण मात्र वजनात किंवा मोजणीत नव्हते, कापसात होते. मी दोन्ही चादरींच्या कडेचे धागे उसवून तंतू काळ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवले. ओढताना काही तंतू तुटतात, त्यामुळे हे माप ढोबळच आहे. तरी सहाशेवालीत बहुतेक तंतू वीस मिलिमीटरच्या आसपास होते आणि साध्या कापडात पुष्कळसे अठ्ठावीसच्या पुढे गेले. तंतू आखूड असले की एका धाग्यात त्यांची टोके जास्त येतात. ती घासली की बाहेर येतात, गुंततात आणि गोळा होतो. सुताला कोम्बिंग केले असेल तर आखूड तंतू आधीच विंचरून काढलेले असतात, म्हणून असे ‘कोम्ब्ड’ सूत आणि तसे न विंचरलेले ‘कार्डेड’ यांतला फरक थ्रेड काउंटपेक्षा जास्त कामाचा आहे. आपल्याकडे ज्यांनी धारवाडचा डीसीएच-32 कापूस लावला आहे, त्यांना लांब तंतूची किंमत वेगळी सांगायला नको. गोळे दिसल्यावर मला पॉलिस्टरची शंका आली होती, म्हणून ताण्या-बाण्याचे धागे वेगवेगळे जाळून पाहिले. दोन्ही कागदासारखे जळून मऊ राखाडी राख राहिली. पॉलिस्टर असते तर वितळून कडक मणी झाला असता. म्हणजे ‘शंभर टक्के कॉटन’ हा दावा खरा होता.

दुसरा तोटा विणीचा. सॅटीनमध्ये धागा चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो. त्या मोकळ्या लांबीमुळे चकाकी येते आणि कापड अंगावर घसरते. त्याच लांबीत माझी जोडवी अडकत. मार्चपर्यंत पायथ्याला सात ठिकाणी धागे ओढले गेले होते, आणि ओढलेल्या धाग्यापाशी चुणी पडून पुढच्या धुण्यात तिथेच झीज झाली. साध्या विणीत प्रत्येक धागा एकाआड एक दाबलेला असल्याने या दहा महिन्यांत असा एकही धागा निघालेला नाही. ती चुरगळते लवकर, इस्त्रीशिवाय नीट दिसत नाही, हे मान्य करावे लागेल; पाहुण्यांसाठी सॅटीनच शोभते.

सहाशेवाली आता गादीवर, साध्या चादरीखाली अंथरते. मागच्या आठवड्यात त्याच दुकानात गेले आणि सुताचा काउंट विचारला, तेव्हा दुकानदारांनी ‘साठचं असावं ताई, कोम्ब्ड हाय म्हणत्यात’ असे उत्तर दिले. मी थानाच्या कडेचा एक धागा मागितला, तिथेच उभी राहून त्याचा पीळ सोडला आणि एकच पदर निघाल्यावर तीन वार फाडायला सांगितले.