विषयवार दालनं की पसंतीवरून वेळापत्रक?

पुण्यात पाणीप्रश्नावर दिवसभराची परिषद आहे, दालनं दोन. भूजल आणि पर्जन्यजल एका दालनात ओळीने, पाणीपट्टी आणि टँकर दुसऱ्यात, अशी विषयवार मांडणी आयोजकांना पटकन सुचते. ज्याला एकाच विषयात रस आहे त्याची जागा हलत नाही, फलकही सोपा.

पण इथे येणारे सोसायटीचे पदाधिकारी असे वागत नाहीत. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांना भूजलही ऐकायचं असतं. म्हणून नोंदणीच्या वेळीच "कोणती भाषणं नक्की ऐकणार?" हे विचारावं आणि प्रत्येक जोडी किती जणांनी निवडली ते मोजावं. समजा भूजल-पाणीपट्टी ३०, पर्जन्यजल-टँकर १८, भूजल-टँकर ३८, पर्जन्यजल-पाणीपट्टी २२, भूजल-पर्जन्यजल ९, पाणीपट्टी-टँकर ७. विषयवार दालनांत भूजलासमोर पाणीपट्टी आणि पर्जन्यजलासमोर टँकर ठेवलं, तर ४८ टकरी होतात, म्हणजे ४८ वेळा कुणाची तरी निवडलेली दोन भाषणं एकाच वेळी येतात. क्रम बदलला तर ६०. उलट भूजलासमोर पर्जन्यजल आणि पाणीपट्टीसमोर टँकर ठेवलं, तर फक्त १६. एकाच विषयाची भाषणं समोरासमोर आली, हे आधी विचित्र वाटतं, पण आकडे तेच सांगतात.

इथे माणसं दालनं बदलतात, त्यामुळे मध्ये दहा मिनिटं ठेवावीच लागतात. शिवाय दोन गर्दीची भाषणं एकाच वेळी आली तर मोठं दालन एकालाच मिळतं. म्हणून टकरींसोबत आसनसंख्याही तपासावी. वक्ते कधी येऊ शकतात, हे त्याआधीच पक्कं करावं.

श्रोते एकाच पेशाचे असतील तर विषयवार दालनं पुरतात. मिश्र गर्दीत मी पसंतीच घेईन.