बियाणं कंपनी की खत कंपनी? फिल्ड ऑफिसरचा अर्ज टाकण्याआधी 'फिरायची तयारी' नीट समजून घ्या

बीएस्सी ॲग्री झालेल्या पोरांचे मला सारखे फोन येतात, दादा दोन ठिकाणी जागा निघाल्यात, एक बियाण्याची कंपनी आहे एक खताची, कुठं टाकू. आणि बायोडेटा पाठवतात त्यात दोन्हीकडं सेम टू सेम ओळ असते, 'मी कुठेही फिरायला तयार आहे'. मी तीन वर्षं बियाण्यात काढली, विदर्भात पांढरकवडा-वणी-मारेगाव पट्ट्यात, आणि मग खतात आलो, नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरी-चांदवड. दोन्हीकडं फिरलोच, पण ते फिरणं एकसारखं अजिबात नव्हतं, म्हणून म्हणतो पगार बघायच्या आधी फिरणं कसलं आहे ते बघा आणि अर्जात त्या फिरण्याबद्दल लिहा.

आधी बियाणं. इथं वर्ष सरळ चालत नाही, भरती-ओहोटीसारखं चालतं. मार्च-एप्रिलपासून दुकानदारांचं बुकिंग, मग माल दुकानात पोचवणं ज्याला आपण प्लेसमेंट म्हणतो, आणि मे-जूनमध्ये तो माल दुकानातून शेतकऱ्याकडं जायला पाहिजे, त्याच्यासाठी तुम्ही रोज गावात. कापूस, सोयाबीन, तूर, सगळ्याची विक्री त्या पाच-सहा आठवड्यांत होऊन जाते, तेव्हा सुट्टी मागायची नाही, बहिणीचं लग्न असलं तरी एक दिवस मिळाला तर नशीब. पुढं ऑगस्ट ते ऑक्टोबर प्लॉट बघणं, कपाशीला बोंडं भरली की त्या शेतात फिल्ड डे, आजूबाजूच्या चार गावांतले शेतकरी गोळा करायचे. दुसऱ्या बाजूला शिल्लक माल परत घेणं, म्हणजे सेल्स रिटर्न, हे कॉलेजात कुणी सांगत नाही पण प्रत्येक दुकानात जाऊन पाकिटं मोजून घ्यायचं काम तुमचंच. त्यात एरिया मोठा असतो, एका माणसाकडं तीन-चार तालुके, त्यामुळं सिझनला रात्री घरी येणं होत नाही, लॉजवर नाहीतर डिलरच्या गोडाऊनवर मुक्काम.

खतात तसं नाही. वर्षभर सारखं फिरणं असतं. खरीप, रब्बी, आणि द्राक्षाच्या भागात तर दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, म्हणजे बागाईतदाराला बारा महिने काहीतरी लागतंच. दुकानं ठरलेली, वार ठरलेले, सोमवारी पिंपळगाव, मंगळवारी दिंडोरी. रात्री बहुतेक घरी. पण सुटका नाही. रेल्वेची रेक लागली की रेक पॉइंटवरून माल कुणाला किती गेला त्याचा हिशोब, दुकानदाराच्या पॉस मशिनमध्ये दिसणारा साठा आणि गोडाऊनमधला साठा जुळतो का ते बघणं, कारण अनुदानाचं खत शेतकऱ्याचं आधार लावून पॉसवर विकलं गेल्याशिवाय कंपनीला सबसिडी मिळत नाही. आणि वसुली. बियाण्यातपण वसुली आहे पण खतात ती दर आठवड्याची. युरियाची ४५ किलोची गोणी किंवा ५० किलोचं डीएपी विकायला तुमची गरज फार नसते, ते टंचाईत आपोआप जातं, तुमची खरी परीक्षा १९:१९:१९, ०:५२:३४ असल्या विद्राव्य खतांत, तिथं शेतकऱ्याच्या बागेत उभं राहून डोस सांगावा लागतो. युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारायला म्हणजे लिंकिंगला कुणी सांगितलं तर करू नका, कृषी विभागाकडं तक्रार गेली की तोंड तुम्हाला द्यावं लागतं.

आता तक्रारीचा फोन, कारण फिरायची तयारी खरी तिथं कळते. बियाण्यात माझा एक दिवस सांगतो. सोयाबीन उगवलं नाही म्हणून सकाळी सहाला फोन, मी ४० किलोमीटरवर. अशा वेळी उद्या येतो म्हणायचं नाही, कारण दुपारपर्यंत शेतकऱ्याने मोडून दुसरं पेरलं तर पुरावाच जातो, त्याचापण आणि तुमचापण. गेल्या गेल्या तास उकरून बघितलं. बी दोन बोटांच्या खाली, पाच-सहा सेंटिमीटरवर पडलेलं, फुगून मऊ झालेलं, काही ठिकाणी कोंब आलेला पण वरचा पापुद्रा फोडता आला नव्हता. सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरच्या खाली गेलं आणि वरून जोराचा पाऊस होऊन जमीन बसली तर असंच होतं. पण ते तोंडाने सांगून चालत नाही. पिशवीवरचा लॉट नंबर, टॅग, बिल, उरलेलं बी, सगळ्याचे फोटो काढले आणि उरलेल्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांच्याच घरी ठेवले. पाच-सहा दिवसांनी ७० च्या वर उगवले तर बी पास, सोयाबीनला प्रमाण ७० टक्क्यांचं आहे. तिथं ७८ उगवले. तरीपण मी त्यांना सांगितलं की तुमचं समाधान नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार द्या, तालुक्याची तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करते, तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्या एका गावात त्याच आठवड्यात ५१ दाणे उगवले होते, तेव्हा मी साहेबांना तसंच कळवलं, ते दाबायचं नाही, कारण ते दाबलं की त्या गावात परत पाय ठेवता येत नाही.

खतातला फोन वेगळा असतो. 'तुमचं खत विरघळत नाही, ड्रिपर चोंदले.' बागेवर गेलं की टाकीच्या तळाशी पांढरा गाळ, आणि विचारलं की कळतं कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एकाच टाकीत टाकलंय. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा गाळ बनतो, सल्फेटवाल्या खताबरोबरपण तेच. बादलीत दोन्ही थोडं थोडं वेगळं विरघळवून मग एकत्र करून दाखवायचं, पाणी दुधाळ झालं की शेतकरी स्वतःच समजतो. हा फोन अर्ध्या तासाच्या अंतरावरचा असतो, पण महिन्यात बऱ्याच वेळा येतो.

आता पैसा, टीए-डीए. हे उदाहरण म्हणून धरा, तुमच्या ऑफरचे आकडे टाकून परत करा. समजा दोन्हीकडं गाडीचा दर किलोमीटरला साडेतीन रुपये आणि दोन्हीकडं वर्षाला फिरणं २८,८०० किलोमीटर. खतात ते महिन्याला २,४०० असं सपाट. बियाण्यात सिझनचे चार महिने ३,६०० आणि बाकीचे आठ महिने १,८००. वर्षाची बेरीज एकच. पण ऑफर लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात 'महिन्याला कमाल २,५०० किमी' असं असलं तर? खतवाल्याला सगळे पैसे मिळतात. बियाणंवाल्याचे चार महिने दर महिन्याला १,१०० किलोमीटर वर जातात, म्हणजे ४,४०० किलोमीटर खिशातून, साडेतीनने १५,४०० रुपये वर्षाला. माझ्या पहिल्या नोकरीत मला ही अट जुलैमध्ये बिल कापून आल्यावर कळली, आणि साहेब म्हणाले लेटरमध्ये होतं की. म्हणून इंटरव्ह्यूत विचारा, लाजू नका: किलोमीटरची मर्यादा महिन्याची आहे का वर्षाची, नाईट हॉल्टला लॉजचं बिल मिळतं का ठराविक रक्कम, आणि बिल किती दिवसांत पास होतं, कारण पेट्रोल आज तुमच्या पैशाने भरायचंय. आणि हेपण विचारा की तुम्ही कंपनीच्या पगारावर का एजन्सीच्या, कारण बियाण्यात सिझनपुरते फिल्ड असिस्टंट भरतात आणि जाहिरातीत ऑफिसर म्हणतात.

अर्जात काय लिहायचं. 'कुठेही फिरायला तयार' ही ओळ प्रत्येकाची आहे, साहेब ती वाचत नाही. तो बघतो गिअरच्या गाडीचं लायसन्स आहे का, गाडी स्वतःच्या नावावर आहे का, हेडक्वार्टर बदलेल का, आणि हा पोरगा तीन महिन्यांत घरी पळून जाईल का. बियाण्याच्या कंपनीला मी असं लिहायला सांगतो, तुम्ही इंग्रजीत करून घ्या:

'माझ्याकडे गिअरच्या दुचाकीचे लायसन्स व स्वतःच्या नावावरची दुचाकी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व झरी जामणी हे तालुके माझ्या माहितीचे आहेत. सातव्या सत्रातील ग्रामीण कार्यानुभवात मी गावात राहून ३२ शेतकऱ्यांच्या कपाशीच्या नोंदी ठेवल्या. मे ते जुलै व सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात आठवड्यातून तीन-चार रात्री मुक्कामी राहण्यास तयार आहे. हेडक्वार्टर विदर्भ किंवा मराठवाड्यात कुठेही चालेल.'

खताच्या कंपनीला हेच पाठवू नका. तिथं मुक्कामाचं वजन नाही, तिथं लिहा की रोज ९०-१०० किलोमीटर आणि दहा-बारा दुकानं वर्षभर करू शकतो, भागातली कृषी सेवा केंद्रं माहिती आहेत, माती परीक्षणाचा अहवाल वाचून डोस काढता येतो, ड्रिपमधून खत देण्याचं काम घरच्या बागेत केलंय. आकडे खरे टाका. ३२ शेतकरी म्हणाल तर इंटरव्ह्यूत त्यातल्या दोघांनी कोणता वाण लावला होता, किडीसाठी काय फवारलं हे विचारतात. आणि रात्री मुक्कामाला जमणार नसेल, घरी आजारी माणूस असेल किंवा मुलींना त्या भागात राहायची नीट सोय नसेल, तर बियाण्याच्या सेल्सला तयार आहे असं लिहू नका, खतात टाका नाहीतर बियाण्यातच प्रॉडक्शनला टाका. देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन चालतं, तिथं अंतर कमी पण परागीकरणाच्या दिवसांत पहाटेपासून प्लॉटवर हजर राहावं लागतं, रविवारसुद्धा.

मला विचाराल तर, बिनलग्नाचा असशील, एकटा असशील, लोकांत मिसळायला आवडत असेल तर आधी दोन-तीन वर्षं बियाणं, कारण एका सिझनमध्ये शंभर गावं ओळखीची होतात आणि पीक पेरणीपासून वेचणीपर्यंत बघायला मिळतं. आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील, घरची बाग असेल, द्राक्ष-डाळिंबात हात बसलेला असेल तर सरळ खत, त्यातही विद्राव्य खतांची टीम मिळते का बघ. आणि दोन्ही ऑफर हातात असतील तर सही करायच्या आधी त्या एरियात आधीचा माणूस किती दिवस टिकला ते तिथल्या एखाद्या दुकानदाराला चहा पिता पिता विचार, दुकानदार खरं सांगतो. दोन वर्षांत चार माणसं बदलली असतील तर ती ऑफर सोड.