बिलांची फाईल: व्हाउचर नंबरानं लावायची की बजेटच्या हेडप्रमाणं?

आमच्या खानापूर भागातल्या वाचनालयाचं लिखापढीचं काम माझ्याकडं आहे. दोन्ही पद्धती वापरून झाल्या, नवीन सेक्रेटरी विचारतात म्हणून लिहितो.

हेडप्रमाणं लावायचं म्हणजे पुस्तकं, दुरुस्ती, कार्यक्रम अशा वेगळ्या फायली. कमिटीला हे लई आवडतंय, कारण "दुरुस्तीला किती गेले?" म्हटलं की फाईल उचलून दाखवता येते. पण एक बिल दोन हेडांचं असलं की घोळ. आमचं हार्डवेअरचं 7,400 चं बिल होतं, त्यात छपराचं सामान 5,200 चं आणि कार्यक्रमाच्या मंडपाचं 2,200 चं. ओरिजिनल दुरुस्तीत लावलं, झेरॉक्स कार्यक्रमात, आणि मार्चला बेरीज मारताना दोन्हीकडं पूर्ण 7,400 धरले गेले. फायलींची बेरीज कॅशबुकापेक्षा 7,400 नं जास्त, तीन संध्याकाळी त्यात गेल्या बघा.

दुसरं म्हणजे हेडच्या फाईलमधनं एखादं बिल पडलं तर कळतच नाही. नंबरवारीत 86 नंतर 88 आला की लगेच दिसतंय. (रद्द झालेलं व्हाउचर फाडू नका, आडवी रेघ मारून तिथंच ठेवा, नाहीतर ऑडिटर त्या नंबराचं विचारणारच.) शिवाय ऑडिटर कॅशबुकातली एंट्री धरून व्हाउचर मागतो, त्याला नंबर सांगितला की पान उघडतंय.

नंबरवारीची अडचण वेगळी. दुरुस्तीला 40,000 धरलेले, 46,300 कसे झाले, असं विचारलं की अख्खं वर्ष चाळत बसायचं. त्याला उपाय म्हणून मी साधं रजिस्टर ठेवतो, प्रत्येक हेडला एक पान, त्यात व्हाउचर नंबर, तारीख, रक्कम, शिल्लक. ते हार्डवेअरचं बिल आता असं लिहिलं असतं: व्हाउचर 87, दुरुस्तीच्या पानावर 5,200, कार्यक्रमाच्या पानावर 2,200. आणि जादा 6,300 चा ठराव बिलाच्या आधीच्या तारखेचा पाहिजे, त्याची प्रत त्या व्हाउचरलाच टाचायची. खर्च करून महिन्यानं केलेला ठराव ऑडिटरला तारखेवरनंच कळतोय.

म्हणून माझं मत नंबरवारी अधिक रजिस्टर. बजेट अगदी लहान, वर्षाला तीस-चाळीस बिलं असली तर हेडच्या फायलीही चालतील. ग्रँट असेल तर मात्र वेगळी फाईल कराच, कारण युटिलायझेशन सर्टिफिकेटला तेवढीच बिलं लागतात, पण तिच्यात झेरॉक्सच लावा आणि वर "मूळ व्हाउचर नं. अमुक" लिहा.

आपल्याकडं बिलं कन्नडमध्ये, ठराव मराठीत, त्यामुळं काय घेतलं, कशासाठी आणि कुठल्या ठरावानं, हे व्हाउचरवर एका ओळीत लिहून ठेवतो. आणि मशीनमधनं निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, वर्षभरात अक्षरं उडतात आणि ऑडिटरपुढं कोरा कागद ठेवायची पाळी येते.