तोफ कधी डागायची: जहाज वर झुलताना की खाली?

शिडाच्या युद्धनौकेवरची तोफ चार छोट्या लाकडी चाकांच्या गाड्यावर असे. आडवा नेम पहारींनी गाडा सरकवून घेत. उंचीसाठी तोफेच्या मागच्या टोकाखाली लाकडी पाचर असे. ती आत ठोकली की तोंड खाली, ओढली की वर.

पण पाचर कितीही नीट बसवा, डेक डोलतोच. एका अंशाची चूक म्हणजे 400 मीटरवर गोळा सुमारे 7 मीटर वर किंवा खाली. म्हणून खरा प्रश्न क्षणाचा.

फ्रेंच तोफची बहुधा आपली बाजू वर उचलली जाताना बत्ती देत. गोळे शिडांत, दोरांत घुसत आणि शत्रू पांगळा होई. ट्राफल्गारच्या समुद्री लढाईत (1805) ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेची मागची वरची डोलकाठी अशाच माऱ्यात गेली. मात्र जरा उशीर झाला की गोळा आकाशात.

ब्रिटिश तोफची आपली बाजू खाली येताना डागत. उशीर झालाच तर गोळा पाण्यावर आपटून उसळे, तरीही जहाजाच्या अंगात घुसू शके. मला हाच हिशेब पटतो. शिवाय त्यांच्याकडे चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारा चाप होता. दोरी ओढली की बार. जळत्या वातीचा उशीर त्यात फारसा उरत नसे.