बोस्निया विरुद्ध सर्बिया, २००७: केस नोट पाच खणांत मांडायची की पायऱ्यांनी?

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सेमिनारमध्ये राज्य-जबाबदारी हा विषय घेतला, की विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा तीन-चार ठरलेले निकाल येतात. त्यांतला सर्वांत अवघड म्हणजे वंशसंहार कराराखालचा बोस्निया विरुद्ध सर्बिया हा खटला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो २६ फेब्रुवारी २००७ रोजी निकाली काढला. निकाल लांबलचक आहे, त्याला स्वतंत्र मतं आणि भिन्नमतं जोडलेली आहेत, आणि पेपर मात्र तीन-चार हजार शब्दांत बसवायचा असतो. त्यामुळे लिहायला बसण्याआधी साचा ठरवावा लागतो. व्यवहारात निवड दोन साच्यांतच होते.

पहिला पहिल्या वर्षापासून हातात बसलेला: तथ्यं, वादप्रश्न, नियम, नियमाचं उपयोजन, निष्कर्ष. कॉलेजात त्याला फिरॅक म्हणतात. दुसरा साचा आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये स्वीकारलेल्या राज्य-जबाबदारीच्या कलमांच्या क्रमावर उभा आहे. मूळ कर्तव्य कोणतं, घडलेलं कृत्य राज्याच्या नावावर लागतं का (म्हणजे अॅट्रिब्युशन), त्याने ते कर्तव्य मोडलं का, राज्याला काही सबब आहे का, आणि शेवटी परिणाम काय. त्याला इथे पायऱ्यांचा साचा म्हणू.

या दोहोंत नीटनेटका कोणता दिसतो हे पाहून निवड करू नका. निकालातलं एखादं कळीचं तथ्य उचला आणि ते दोन्ही साच्यांत कुठे जाऊन बसतं ते पाहा. बोस्निया खटल्यात असं तथ्य म्हणजे बेलग्रेडने, म्हणजे सर्बियाच्या सरकारने, बोस्नियातल्या सर्ब सैन्याला दिलेली मदत. पैसा, शस्त्रं, इतकंच नव्हे तर त्या सैन्यातल्या काही अधिकाऱ्यांचे पगारही बेलग्रेडहून होत होते. याच सैन्याने जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात जे केलं, त्याला न्यायालयाने वंशसंहार ठरवलं.

फिरॅकमध्ये ही मदत ‘तथ्यं’ या खणात एकदा येते. पुढे वादप्रश्न लिहिला जातो: ‘सर्बिया वंशसंहाराला जबाबदार आहे का?’ नियमाच्या खणात परिणामकारक नियंत्रणाची कसोटी, उपयोजनात ‘एवढं नियंत्रण सिद्ध झालं नाही’, निष्कर्षात ‘जबाबदार नाही’. वाचणाऱ्याला पेपर पूर्ण वाटतो. पण न्यायालयाने सर्बियाने वंशसंहार केला नाही असं १३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, आणि त्याच निकालात वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य सर्बियाने मोडलं असं १२ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं. म्हणजे सर्बिया जबाबदार ठरलाच, पण वेगळ्या कर्तव्यासाठी. एकाच वादप्रश्नावर उभ्या केलेल्या नोटेत हा निम्मा निकाल हरवतो, किंवा शेवटी ‘तथापि’ लावून एका वाक्यात येतो. पेपर तपासताना मी सर्वांत आधी हे ‘तथापि’ शोधतो.

पायऱ्यांच्या साच्यात तीच मदत चार ठिकाणी तपासावी लागते, आणि दर ठिकाणी माप वेगळं असतं. हे सविस्तर पाहू, कारण निवड इथेच ठरते.

पहिलं माप विधी आयोगाच्या कलम ४ चं: बोस्नियातलं सर्ब सैन्य सर्बियाचं अंग होतं का? कायद्याने ते नव्हतं. मग न्यायालय विचारतं, प्रत्यक्षात ते इतकं अवलंबून होतं का, की त्याला बेलग्रेडचं निव्वळ साधन म्हणावं? परिच्छेद ३९२ मधली ही ‘संपूर्ण अवलंबित्वा’ची कसोटी आहे. पगार आणि शस्त्रं तिला पुरली नाहीत, कारण त्या सैन्याच्या नेतृत्वाला काही एक स्वतःचा निर्णयाधिकार होता.

दुसरं माप कलम ८ चं. सैन्य अंग नसेल, तरी ज्या कारवाईत गुन्हा घडला ती कारवाई सर्बियाच्या सूचनेवरून किंवा परिणामकारक नियंत्रणाखाली झाली का? ही कसोटी १९८६ च्या निकाराग्वा खटल्यातून आलेली आहे. फरक बारीक आहे, पण पेपर यावरच पास-नापास होतो. पहिल्या मापात दोघांमधलं एकूण नातं बघायचं, दुसऱ्यात ती विशिष्ट कारवाई. फिरॅकमध्ये ‘नियम’ हा एकच खण असल्यामुळे ही दोन मापं एकमेकांत मिसळतात आणि ‘न्यायालयाने नियंत्रणाची कसोटी लावली’ एवढं ढोबळ वाक्य उरतं. यूगोस्लाव्हियाविषयीच्या फौजदारी न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने १९९९ मध्ये तादिच प्रकरणात सैल अशी ‘एकूण नियंत्रणा’ची कसोटी वापरली होती. राज्य-जबाबदारीसाठी ती न्यायालयाने परिच्छेद ४०६ मध्ये नाकारली. हा वाद दुसऱ्या पायरीचा आहे. तो पहिलीवर मांडला, की पुढचं सगळं विस्कटतं.

तिसरं माप साथ देण्याचं, म्हणजे वंशसंहारातल्या सहभागित्वाचं. इथे नियंत्रण लागत नाही, जाणीव लागते: मदत करताना वंशसंहार होणार आहे किंवा सुरू आहे हे नेमकं ठाऊक होतं का? न्यायालयाला तसा निर्णायक पुरावा दिसला नाही.

चौथं माप रोखण्याच्या कर्तव्याचं. इथे जाणिवेचा उंबरठा खाली येतो. वंशसंहाराचा गंभीर धोका आहे एवढं कळलं किंवा कळायला हवं होतं, तरी पुरे. शिवाय परिच्छेद ४३० प्रमाणे हे कर्तव्य यशाची हमी देण्याचं नाही, हाताशी असलेली सगळी रास्त साधनं वापरण्याचं आहे. आणि ज्याचा प्रभाव जास्त, त्याच्याकडून अपेक्षाही जास्त. आता तेच पगार, तीच शस्त्रं सर्बियाच्या विरोधात जातात. पहिल्या तीन मापांना जी मदत अपुरी पडली, ती इथे प्रभावाचा पुरावा ठरते. हे वळण पेपरात दिसलं, तर विद्यार्थ्याने निकाल वाचला आहे याची मला खात्री पटते.

पायऱ्यांच्या साच्याचा जोर परिणामांच्या पायरीवरही दिसतो. कर्तव्य मोडलं, तरी न्यायालयाने नुकसानभरपाई दिली नाही. परिच्छेद ४६२ मधलं कारण असं, की सर्बियाने कर्तव्य पाळलं असतं तर वंशसंहार टळलाच असता हे पुरेशा खात्रीने दाखवता आलेलं नाही. म्हणून कर्तव्यभंग झाल्याचं निकालात जाहीर करणं हेच समाधान मानलं गेलं. फिरॅकच्या ‘निष्कर्ष’ खणात हे ‘भरपाई नाही’ एवढ्यावर संपतं. पायऱ्यांत मात्र प्रश्न उभा राहतो: जे कर्तव्य मुळातच यशाची हमी मागत नाही, त्याच्या भंगासाठी कार्यकारणाची इतकी कडक साखळी मागणं सुसंगत आहे का? माझ्या मते नाही, आणि पेपरासाठी इथे चांगला मुद्दा आहे. कुणाला तो पटणार नाही. न पटण्याची कारणं लिहिली तरी तितकाच चांगला पेपर होईल.

आता पायऱ्यांच्या साच्याची उणीव. कलमांचा क्रम दुय्यम नियमांचा आहे. कर्तव्य कोणतं हे ती कलमं सांगत नाहीत, ते वेगळ्या करारातून आणावं लागतं. त्यामुळे विद्यार्थी थेट अॅट्रिब्युशनवर उडी मारतात आणि या निकालातला एक मोठा प्रश्न वाटेतच राहतो. वंशसंहार करार राज्यांना रोखायला आणि शिक्षा करायला सांगतो. पण राज्याने स्वतः वंशसंहार करू नये, असं कर्तव्य त्यात स्पष्ट शब्दांत कुठे आहे? न्यायालयाने ते पहिल्या कलमातून अर्थ लावून काढलं. म्हणून ‘मूळ कर्तव्य’ ही पायरी मी वर आधी घातली आहे. ती गाळू नका. अधिकारक्षेत्राचा प्रश्नही असाच बाहेर पडतो. १९९६ च्या प्राथमिक निकालाने तो मिटला की नाही यावर २००७ मध्ये पुन्हा बरीच चर्चा झाली. तुमचा मुद्दा त्यावर नसेल तर पहिल्या परिच्छेदातल्या दोन वाक्यांत तो आटोपा.

दुसरी उणीव पुराव्याची. पुरावा किती भक्कम हवा, न्यायाधिकरणाचे निष्कर्ष किती वजनाचे, आणि काही मजकूर झाकून दिलेली बेलग्रेडच्या सर्वोच्च संरक्षण परिषदेची कागदपत्रं न्यायालयाने पूर्ण का मागवली नाहीत, हे प्रश्न एका पायरीवर मावत नाहीत. न्यायालयाचे उपाध्यक्ष अल-खसावने यांच्या भिन्नमतात हा पुराव्याचा मुद्दा ठळक आहे. त्यावर लिहायचं असेल तर वेगळा विभाग न करता अॅट्रिब्युशनच्या दोन्ही मापांनंतर लगेच घ्या. पूर्ण कागदपत्रं समोर असती तर कोणतं माप बदललं असतं, हे तिथेच विचारता येतं.

मग फिरॅक कधी? निकाल एका प्रश्नावर फिरत असेल तेव्हा. १९४९ च्या कोर्फू सामुद्रधुनी खटल्यात आपल्या पाण्यातल्या सुरुंगांची अल्बानियाला माहिती होती का, आणि असूनही इशारा न दिल्याने ती जबाबदार ठरते का, एवढ्याच भागावर नोट असेल तर पाच खण पुरतात. वर्गात दहा मिनिटं बोलायचं असेल तरीही फिरॅकच बरा, ऐकणाऱ्याला तो झेपतो. तेहरान ओलीस खटल्याला मात्र दोन्ही साचे नीट बसत नाहीत. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकी दूतावास ताब्यात घेणाऱ्यांचं कृत्य सुरुवातीला इराणच्या नावावर लागत नव्हतं; तिथे दोष होता तो संरक्षण न देण्याचा. नंतर खोमेनी यांनी त्याला मान्यता दिली आणि तेच कृत्य राज्याचं झालं. तिथे काळाचे दोन टप्पे करून, प्रत्येक टप्प्यात पायऱ्या घ्याव्यात.

बोस्नियावरच्या तीन हजार शब्दांच्या पेपरासाठी मी पायऱ्याच निवडेन, आणि शब्द असे वाटेन. तथ्यांना तीनशेच्या आत, कारण लागतील तशी ती प्रत्येक मापाशी पुन्हा येणारच आहेत. मूळ कर्तव्याला तीनशे. अॅट्रिब्युशनच्या दोन मापांना मिळून आठशे. सहभागित्व आणि रोखण्याचं कर्तव्य शेजारीशेजारी ठेवून सातशे, कारण त्यांतला फरक समोरासमोरच कळतो. सबबींची पायरी या निकालात जवळपास रिकामी आहे. तिला एक वाक्य द्या. परिणामांना चारशे. उरलेले पाचशे तुमच्या टीकेला, आणि ती एकाच मापावर ठेवा. संदर्भ देताना पानं नकोत, निकालातले परिच्छेद क्रमांक द्या. छापील आणि ऑनलाइन प्रतींची पानं जुळत नाहीत, परिच्छेद जुळतात. आणि मसुदा झाल्यावर ‘नियंत्रण’ हा शब्द जिथे जिथे आला आहे तिथे थांबून पाहा, की शेजारी कलम ४ किंवा कलम ८ लिहिलेलं आहे का. नसेल, तर ते वाक्य कोणत्या पायरीचं आहे हे अजून ठरलेलं नाही.