‘हिंदी फिल्म गीत कोश’, खंड तिसरा : काही महिन्यांच्या वापरानंतर

हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांच्या कोशाचा तिसरा खंड 1951 ते 1960 या दहा वर्षांचा आहे. घेताना वाटलं होतं, अधूनमधून चाळायला बरा. प्रत्यक्षात एका कामासाठी तो सतत लागतो. पिक्चरच्या सुरुवातीला पार्श्वगायकांची पाटी येते, त्यातल्या एखाद्या नावाचा तुकडाच कुणाच्या तरी डोक्यात राहिलेला असतो, आणि त्यावरून गाणं काढायचं असतं. अमळनेरला आमच्या ओट्यावर असली कोडी घेऊन येणारे पुष्कळ आहेत.

सगळ्यात चांगलं कोडं तात्यांचं होतं. त्यांनी सारंगखेड्याच्या जत्रेत तंबूत मधुबालाचा कव्वाल्यांचा पिक्चर पाहिलेला. त्यातलं दोन बायकांचं, पावसाचं गाणं हवं होतं. ‘‘पुरं नाव ध्यानमा नही भो, पन ‘बा’ व्हतं नि कोठे तरी ‘ट’.’’ बस, एवढंच.

मधुबाला आणि कव्वाल्या म्हटल्यावर 1960 चा ‘बरसात की रात’ लगेच सुचतो. संगीत रोशन, गीतं साहिर. पण नेमकी इथेच फसगत होते. पाटीवर सगळे गायक एका ओळीने असतात, कोण कुठलं गाणं गायलं ते ती सांगत नाही. त्यातून नावं रोमन लिपीत. रोमन अक्षरांत ‘ब’ आणि ‘बा’ सारखेच दिसतात, ‘ट’ आणि ‘त’ सुद्धा. म्हणून आठवलेला तुकडा मी आधी रोमनमध्ये मांडतो. इथे तो झाला BA आणि पुढे कुठेतरी T. पहिलं अक्षर सहसा बरोबर आठवतं, मधल्याची जागा मात्र सरकते, त्यामुळे T शेवटीच हवा असा हट्ट धरत नाही.

मग कोशात पिक्चरचं पान काढायचं. वर्ष माहीत असलं की पान सापडायला वेळ लागत नाही, आणि प्रत्येक गाण्यासमोर गायकांची नावं असतात. या पिक्चरच्या गाण्यांत ब-वाले गायक चिक्कार निघाले : बातिश, बलबीर, बंदे हसन, बरोट. बलबीर आणि बंदे हसन यांच्या नावात T नाही, ते गेले. एस. डी. बातिश यांच्या नावात T आहे, पण ते ‘ना तो कारवाँ की तलाश है’ या कव्वालीत मन्ना डे, रफी, आशा, सुधा मल्होत्रा यांच्यासोबत आहेत. शिवाय ते पुरुष. राहिल्या कमल बरोट, आणि त्यांच्या नावासमोरचं गाणं ‘गरजत बरसत सावन आयो रे’, सोबत सुमन कल्याणपूर. दोन बायका आणि पाऊस, दोन्ही जुळलं. ‘कमल’ वाचून पुष्कळ जण पुरुषाचा आवाज शोधत बसतात, म्हणून हे नाव हमखास निसटतं. (‘डॉन’चे दिग्दर्शक चंद्रा बारोट यांच्या या बहीण.)

ओट्यावरच्या एका मास्तरांना हे पटेना. ‘‘गरजत बरसत? ते तर लताचं!’’ त्यांचंही खोटं नव्हतं. रोशन यांनीच 1951 च्या ‘मल्हार’मध्ये ‘गरजत बरसत भीजत आईलो’ लताकडून गाऊन घेतलंय. फक्त शब्द टाकून शोधलं की हमखास ही दोन गाणी एकमेकांत मिसळतात. सुदैवाने दोन्ही पिक्चर याच खंडात आहेत, त्यामुळे दोन्ही पानांवर बोट ठेवून मास्तरांना दाखवता आलं. ‘मल्हार’मधलं एकट्या लताचं आहे, आणि तात्यांचा हट्ट दोन बायकांसाठी होता. इथे निकाल लावला तो नावाच्या तुकड्यानेच. पावसाचे शब्द तर दोन्हीकडे आहेत.

आता तक्रारी. हा जाडजूड ठोकळा मांडीवर घेऊन फार वेळ बसवत नाही. पिक्चरचं नाव किंवा निदान वर्षाचा अंदाज नसेल, तर नुसत्या नावाच्या तुकड्यावर यात शिरणं म्हणजे कडब्याच्या गंजीत सुई. आणि पाटीची खातरजमा तुम्हालाच करायची असते. युट्यूबवर पिक्चर थांबवून `,` आणि `.` ही बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे सरकते, तेव्हा पाटी नीट वाचता येते. पण पुष्कळ प्रतींत सुरुवातच कापलेली असते, कुठे वाहिनीचं चिन्ह नेमकं नावावर बसलेलं असतं. अशा वेळी दुसरी प्रत शोधावी, धूसर अक्षरांवर अंदाज बांधू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लांब कव्वालीत एखाद्याच्या वाट्याला दोनच ओळी असतात, तरी गाण्यासमोर त्याचं नाव इतरांच्या बरोबरीने येतं. म्हणून नाव जुळलं तरी गाणं ऐकल्याशिवाय मी होकार देत नाही. तात्यांना मोबाईलवर ऐकवलं, तर पहिल्याच आलापाला म्हणाले, ‘‘हाईच शे.’’ आणि लगेच दुसऱ्या पिक्चरच्या पाटीवरचं ‘शं’ काढलं. त्यांना बहुतेक शंकर-शंभू हवे असावेत, पण यावेळी पिक्चरचं नावच आठवत नाहीये.